फोन हॉलबाहेर राहतो: परीक्षेच्या भीतीसाठी श्वासाचं अ‍ॅप कसं वापरायचं आणि त्याच्यावर कुठपर्यंत विसंबायचं

परीक्षेची भीती वाटते म्हणून श्वासाचं अ‍ॅप घेतलेल्या विद्यार्थ्याला मी आधी एकच गोष्ट विचारते. प्रश्नपत्रिका हातात पडेल तेव्हा हा फोन कुठे असेल? बाहेर, बॅगेत, बंद. म्हणजे ज्या तीन तासांसाठी अ‍ॅप घेतलं, नेमके तेच तीन तास ते जवळ नसणार. तरी बहुतेक जण महिनाभर स्क्रीनवरचं फुगणारं आणि आकसणारं वर्तुळ बघत श्वास घेतात आणि परीक्षेच्या दिवशी वर्तुळाशिवाय गडबडतात.

श्वासाचे व्यायाम उपयोगी आहेत आणि अ‍ॅपवर ते शिकणं सोपं जातं. पण शिकून झाल्यावर अ‍ॅप सोडायचं असतं, आणि हे सोडणं ठरवून, तीन आठवड्यांत करावं लागतं. कसं, ते पुढे सांगते. त्याआधी मात्र तुमच्या भीतीवर श्वासाचा इलाज लागू पडतो का, ते तपासून घ्या. काहींच्या बाबतीत तो अर्धाच लागू पडतो.

भीतीचे दोन भाग

रॉबर्ट लिबर्ट आणि लॅरी मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे काढले. पहिला भाग शरीराचा: छातीत धडधड, हाताला घाम, पोटात गोळा, तोंडाला कोरड. दुसरा काळजीचा, म्हणजे डोक्यात फिरत राहणारी वाक्यं: ‘पहिलाच प्रश्न येत नाही, म्हणजे सगळा पेपर गेला’, ‘बाकीचे लिहितायत, मीच बसलोय’. हे दोन भाग बहुतेकदा बरोबर येतात, पण त्यांचे परिणाम सारखे नसतात. गुण कमी होण्याशी काळजीचा संबंध शरीराच्या खळबळीपेक्षा जास्त घट्ट आहे, असं त्यानंतरच्या अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसलं. कारण समजायला अवघड नाही. छाती धडधडत असतानाही गणित सोडवता येतं. पण काळजीचं वाक्य डोक्यातली तीच जागा अडवून बसतं जिथे गणिताच्या पायऱ्या धरून ठेवायच्या असतात.

श्वासाचं अ‍ॅप थेट काम करतं ते पहिल्या भागावर. दुसऱ्यावर त्याचा परिणाम आडून होतो, आणि पुष्कळदा होतच नाही.

म्हणून अ‍ॅप उघडण्याआधी चार दिवस वहीत नोंद ठेवा. अभ्यासाला बसताना, परीक्षेचा विषय निघाल्यावर, रात्री झोपताना, जेव्हा भीती जाणवेल तेव्हा एक ओळ लिहायची. वेळ, काय चाललं होतं, शरीराला दहापैकी किती, काळजीला दहापैकी किती, आणि त्या क्षणी डोक्यात असलेलं वाक्य जसंच्या तसं. ‘नकारात्मक विचार’ असं मोघम लिहू नका. ‘मावशी निकाल विचारेल तेव्हा काय सांगू’ असं असेल तर तेच लिहा. ही वाक्यं पुढे फार कामाला येतात.

चार दिवसांनी आकडे बघा. शरीराचे आकडे मोठे असतील किंवा दोन्ही बरोबरीने मोठे असतील, तर पुढचे तीन आठवडे तुमच्यासाठी आहेत. शरीर तीन-चारवर आणि काळजी सतत आठ-नऊवर असेल, तर अ‍ॅप फार काही देणार नाही. अशा वेळी सरळ शेवटच्या भागाकडे जा.

आणखी एक दहा मिनिटांचं काम याच दिवसांत करून टाका. जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची विनामूल्य प्रश्नावली इंटरनेटवर मिळते, अनेक भाषांमध्ये. गेल्या दोन आठवड्यांत चिंतेने किती वेळा त्रास दिला, एवढंच ती विचारते. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 21. बेरीज 10 किंवा त्याहून जास्त आली तर तज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घ्यावी, असा संकेत आहे. हे निदान नव्हे, चाळणी आहे. बेरीज तारखेसकट वहीत लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी पुन्हा भरायची आहे.

अ‍ॅप निवडताना

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, आणि तो सगळ्यात कमी घालवायला हवा. श्वास मोजून देणारं कुठलंही साधं अ‍ॅप चालतं. Headspace, Calm, Insight Timer अशी मोठी नावं घेतलीत तरी तुमच्या कामाचा भाग त्यांतला एक छोटा कोपराच आहे. निसर्गाचे आवाज, झोपेच्या गोष्टी, रोजचं सुवचन, यातलं काहीही या कामाला लागत नाही.

बघायचं ते इतकंच. श्वास आत घेण्याचे आणि बाहेर सोडण्याचे सेकंद वेगवेगळे बदलता आले पाहिजेत. श्वास रोखून धरण्याचा टप्पा शून्य करता आला पाहिजे. आवाज पूर्ण बंद करून फक्त कंपनावर चालवता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या आठवड्यात तेच लागणार आहे. आणि नेट बंद असताना चाललं पाहिजे. सात-सात सेकंद श्वास रोखायला लावणारे प्रकार सुरुवातीला टाळा. घाबरलेल्या माणसाला रोखलेला श्वास गुदमरल्यासारखा वाटतो आणि भीती उलट वाढते. दमा, हृदयाचा विकार किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर श्वास रोखण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका.

परवानग्या देताना हात आखडता ठेवा. श्वास मोजणाऱ्या अ‍ॅपला तुमचे संपर्क, स्थळ आणि फोटो कशाला हवेत? फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिला या संस्थेने 2022 मध्ये मानसिक आरोग्याची आणि प्रार्थनेची 32 अ‍ॅप्स तपासली, त्यांतल्या 28 ना गोपनीयतेबाबत धोक्याचा शिक्का दिला. ‘आज तुमचा मूड कसा आहे’ या चौकटीत लिहिलेलं कोण वाचतं हे कळायला मार्ग नसतो. आपल्याला मूड लिहायचाच आहे, पण वहीत.

आणि ती साखळी, ‘सलग 12 दिवस!’ वगैरे, सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आधीच गुणांच्या धाकात असलेल्या मुलाला शांत होण्याचेही गुण मिळू लागले की तेराव्या दिवशी तो साखळी तुटली म्हणून घाबरतो. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये, पाहिलेलं आहे.

पहिला आठवडा: शांत असताना

पहिला नियम लोकांना उलटा वाटतो: या आठवड्यात भीती वाटत असताना अ‍ॅप उघडायचंच नाही. पोहायला पुरात शिकत नाहीत. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, साधारण शांत असताना, पाच-पाच मिनिटं करायचं.

खुर्चीत टेकून बसा, पाय जमिनीला लागलेले, एक तळवा बेंबीच्या वर. अ‍ॅपमध्ये आत 4 सेकंद, बाहेर 6 सेकंद, मध्ये थांबणं शून्य. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास आणि पाच मिनिटांत तीस. स्वस्थ बसलेला मोठा माणूस साधारण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तेव्हा सहा हा बराच संथ वेग आहे. दम पुरत नसेल तर तीन-चार दिवस आत 3, बाहेर 4 ठेवा आणि मग वाढवा. नाकाने घ्यायचं, आणि गरम चहावर फुंकर घालावी तसं ओठांतून हळूच सोडायचं. तळवा वर-खाली व्हायला हवा, खांदे नाहीत.

बाहेरचा श्वास लांब का, हे स्वतःच्या मनगटावर पाहता येतं. नाडीवर दोन बोटं ठेवा आणि संथ श्वास घ्या. आत घेताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, सोडताना लांब लांब. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर श्वास सोडताना वाढतो. म्हणजे सोडण्याचा वेळ लांबवला की हृदय संथ चालण्याचा वेळ लांबतो. काही जणांना हा फरक बोटाला स्पष्ट लागतो, काहींना नाही. नाही लागला तर त्यात काही बिघडलेलं नाही.

या आठवड्यात जे चुकतं ते जवळजवळ नेहमी एकच असतं. ‘दीर्घ श्वास घ्या’ हे लहानपणापासून ऐकलेलं असल्याने विद्यार्थी छाती भरून हवा ओढतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि ‘मला काहीतरी होतंय’ म्हणून ते अ‍ॅप बंद करतात. होतं काय, तर गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरल्यासारखं वाटतं. धोका नसतो, पण ही लक्षणं हुबेहूब घाबरल्यासारखीच असल्यामुळे भीतीवरच्या औषधानेच भीती तयार होते. मुंग्या आल्या की समजायचं, श्वास संथ झालाय पण त्याचबरोबर फार मोठा झालाय. उपाय म्हणजे वेग तोच ठेवून हवा कमी घ्यायची, एखाद्याला शेजारी बसून ऐकू येणार नाही इतकी. तरीही गरगरत असेल तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या आणि पुढच्या वेळी दोनच मिनिटं करा.

थोड्या लोकांना मात्र शांत बसून श्वासाकडे लक्ष दिलं की अस्वस्थपणा वाढतो. मानसशास्त्रात ही ओळखीची गोष्ट आहे. सतत सावध राहायची सवय लागलेल्या मनाला ढिलं पडणंच असुरक्षित वाटतं. हवा कमी करून, डोळे उघडे ठेवून, चार-पाच दिवस करूनही असंच होत राहिलं तर हा मार्ग तुमचा नाही. चालणं, जिने चढणं, थंड पाण्याने तोंड धुणं यांतलं काही बघा, आणि ही गोष्ट तज्ज्ञाला आवर्जून सांगा.

दुसरा आठवडा: अ‍ॅपला बाजूला सारणं

पहिले दोन दिवस स्क्रीन पालथी घालून फक्त कंपनावर श्वास घ्या. पुढचे दोन दिवस फोन दुसऱ्या खोलीत. आता मोजणी बोटांवर: घेताना अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावत चार, आणि सोडताना तेच पुढे चालवत सहा. शेवटचे तीन दिवस हेच टेबलाशी बसून, हातात पेन, समोर उघडी वही आणि डोळे उघडे. हॉलमध्ये डोळे मिटून पोटावर हात ठेवून कुणी बसत नाही, पर्यवेक्षक विचारपूस करायला येईल. म्हणून सराव त्याच अवस्थेत करायचा ज्यात तो वापरायचा आहे.

आकडे नेमके जुळले नाहीत तरी बिघडत नाही. मनातल्या मनात मोजलेले सेकंद खऱ्या सेकंदांपेक्षा छोटे असतात, घाबरल्यावर तर आणखी छोटे. घेण्यापेक्षा सोडणं लांब, एवढं टिकलं की झालं.

फोनशिवाय करायला एक छोटा प्रकारही शिकून ठेवा: नाकाने श्वास घ्यायचा, तो पूर्ण व्हायच्या आत वर आणखी एक छोटा घोट हवेचा घ्यायचा, आणि मग तोंडाने सावकाश सगळा सोडायचा. रडून झाल्यावर मूल जसा हुंदका देऊन सुस्कारा सोडतं, तसंच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं हे केलं. त्यांचा मूड ध्यान करणाऱ्या गटापेक्षा जास्त सुधारला. चिंता मात्र सगळ्याच गटांत कमी झाली. त्या अभ्यासात घेतलेली माणसं चिंताविकाराचे रुग्ण नव्हती, हे लक्षात ठेवून त्यावरून हुरळून जायचं किती ते ठरवा.

तिसरा आठवडा: खऱ्या दबावाखाली

आता भीती मुद्दाम आणायची. एक जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ आणि पूर्ण वेळ. बसण्याआधी दोन-तीन मजले जिने भरभर चढून या, म्हणजे छाती धडधडत असतानाच पेपर उघडला जाईल. असे दोन सराव पेपर या आठवड्यात द्यायचे, आणि त्यांत श्वास फक्त तीन ठरलेल्या जागी घ्यायचा: प्रश्नपत्रिका हातात आल्यावर वाचण्याआधी पाच, प्रत्येक विभाग संपल्यावर तीन, आणि डोकं पूर्ण कोरं पडलं तर पाच. पाच श्वासांना पन्नास सेकंद लागतात. तीन तासांच्या पेपरात हा खर्च परवडतो.

ठरलेल्या जागा का? भीती वाटली की श्वास, असं सोडलं तर काय होतं ते सांगते. प्रत्येक धडधडीवर विद्यार्थी पेन खाली ठेवतो. शरीर शांत झालं का, हे दर मिनिटाला तपासतो. झालं नसेल तर पुन्हा श्वास. हळूहळू त्याची अशी खात्री होते की शांत झाल्याशिवाय मला लिहिताच येणार नाही. धडधड निरुपद्रवी आहे, ती असतानाही पेन चालतं, हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही. घाबरण्याच्या झटक्यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना ही अडचण चांगली माहीत आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅनिक डिसऑर्डरच्या उपचारांतून श्वासाचं प्रशिक्षण वगळून पाहिलं, तर ते असलेल्या गटाला त्याचा काही जास्तीचा फायदा झालेला दिसला नाही. श्वास निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पण तो काठी आहे, आणि काठीशिवाय पाऊल टाकायचं नाही असा हट्ट लागला की पाय कमजोर होतो.

म्हणून पाच श्वास झाले की शरीर कुठल्याही अवस्थेत असो, पेन उचलून पुढचा शब्द लिहायचा. अगदी प्रश्नाचा क्रमांक लिहिला तरी चालेल. हा नियम सरावात तोडला तर हॉलमध्ये शंभर टक्के तुटणार.

एक उदाहरण, आकड्यांसकट

पदवीच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आधीच्या सत्रात एका पेपरात पहिली वीस मिनिटं तिने काहीच लिहिलं नव्हतं. चार दिवसांच्या नोंदीत शरीर सरासरी 8, काळजी 9, आणि जीएडी-7 ची बेरीज 13. आकडा दहाच्या वर असल्यामुळे तज्ज्ञाकडे जायचं तेव्हाच ठरवलं. भेटीची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली, म्हणून मधल्या काळात हा कार्यक्रम घेतला.

पहिल्या आठवड्यात तिला मुंग्या आल्या. हवा कमी केल्यावर दोन दिवसांत थांबल्या. दुसऱ्या आठवड्यात फोन सोडताना ती चिडली. ‘मॅडम, तो आवाज नसला की मला जमतच नाही,’ म्हणाली. तीन दिवसांनी जमलं. तिसऱ्या आठवड्यातल्या दोन्ही सराव पेपरांत श्वासाआधी आणि नंतर तिने आकडे लिहिले. शरीर 8 वरून 4 वर आलं, दोन्ही वेळा. काळजी 9 वरून 8 वर. पहिली वीस मिनिटं कोरी राहिली नाहीत, पण एकूण गुण जवळपास तेवढेच.

का, ते उत्तरपत्रिकेत दिसत होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिने चार वेळा खोडून लिहिलं होतं आणि शेवटचे दोन प्रश्न, जे तिला येत होते, सुटले होते. वहीतलं वाक्य होतं: ‘पहिलं उत्तर शंभर टक्के बरोबर नसेल तर पुढचं सगळं चुकणार.’ हात थरथरत होते तेव्हा हे वाक्य थरथरण्याच्या मागे लपलं होतं. शरीर शांत झाल्यावर ते उघडं पडलं. अ‍ॅपने तिला एवढं दिलं, आणि ते थोडं नव्हतं. त्यापुढे मात्र त्या वाक्याशी भिडायला माणूस लागला.

मानसशास्त्रज्ञाने तिच्याबरोबर दहा बैठका केल्या. त्या वाक्याचं तिला आधी भाकीत करून लिहायला लावलं: मधल्या प्रश्नापासून सुरुवात केली तर किती गुण जातील? तिने लिहिलं, निम्मे. मग खरंच मधून सुरुवात करून पेपर दिला, तपासला, आणि गेलेले गुण मोजले. दोनच गेले होते. पुढच्या वेळी पहिल्या उत्तरात एक छोटी चूक मुद्दाम ठेवून पुढे जायचं. त्याच्या पुढच्या वेळी खोडायचं नाही, पुन्हा वाचायचंही नाही. पायरी-पायरीने भीतीच्या जवळ जाणं, अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करणं, हे सगळं तिच्या एका वाक्यावर बेतलेलं होतं. शेवटी काळजी 5 वर आली. शून्यावर आली नाही, आणि यायची गरजही नव्हती.

अ‍ॅपला हे का जमत नाही? ते सगळ्यांना तेच वर्तुळ दाखवतं. तुमची उत्तरपत्रिका ते पाहत नाही, चार वेळा खोडलेलं उत्तर त्याच्या नजरेला पडत नाही, आणि तुम्ही टाळत असलेला पेपर तुमच्यासमोर ठेवून ‘आता देऊ या’ म्हणत नाही. टाळलंत तर तेही गप्प राहतं. लोक तर अ‍ॅपलाच टाळतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याच्या 93 अ‍ॅप्सचा प्रत्यक्ष वापर पाहिला, तर महिन्याने ती उघडणारे शंभरात जेमतेम तीन-चार उरले होते. बैठकीला गेलं नाही तर कुणीतरी फोन करून विचारतं, हा फरकही छोटा नाही.

तज्ज्ञाकडे कधी आणि कसं जायचं

तीन आठवड्यांनी जीएडी-7 पुन्हा भरा. बेरीज दहाच्या खाली आली आणि सराव पेपर पूर्ण लिहिले जात असतील, तर हेच चालू ठेवा. बेरीज दहा किंवा वर राहिली, किंवा शरीराचा आकडा उतरूनही काळजीचा हलला नाही, तर जायचं. काही गोष्टींसाठी तर तीन आठवडेही थांबायचं नाही: परीक्षेला बसणंच टाळायला लागणं, दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक बिघडणं, अचानक काही मिनिटांत शिगेला पोचणारे घाबरण्याचे झटके वारंवार येणं, झोपेसाठी किंवा जागण्यासाठी कुठल्याही गोळीची किंवा नशेची सवय लागणं.

आणि मरून जावं, स्वतःला इजा करावी, असा विचार येत असेल तर अ‍ॅप बंद करा आणि त्याच दिवशी, त्याच तासात जवळच्या मोठ्या माणसाला सांगा. आपत्कालीन क्रमांकावर किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा रुग्णालयात जा. एकटे राहू नका. तुमचा मित्र असं काही बोलला तर त्यालाही एखादं अ‍ॅप सुचवून मोकळे होऊ नका. कुणीतरी पोचेपर्यंत त्याच्याजवळ थांबा.

नेहमीच्या परिस्थितीत सुरुवात कॉलेजच्या समुपदेशकापासून करता येते. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी, सीबीटी नावाची पद्धत परीक्षेच्या भीतीसाठी वापरली जाते. ती कोण शिकलंय, एवढं मात्र विचारून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध लागेल का ते तेच ठरवतात. साध्या डॉक्टरांकडेही एकदा जाऊन यावं, कारण रक्त कमी असणं, थायरॉइड जास्त काम करणं किंवा दिवसाला पाच कप कॉफी, यांनीही अशीच धडधड होते आणि त्याला श्वासाचं अ‍ॅप काहीही करू शकत नाही. मित्राकडून ‘पेपरच्या आधी घे, हात थरथरत नाहीत’ म्हणून मिळणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी मात्र घेऊ नका. दमा असलेल्याला ती धोकादायक ठरू शकते, आणि दमा असल्याचं पुष्कळांना माहीतच नसतं.

घरच्यांना सांगणं हा अनेकांचा अडलेला टप्पा असतो. ‘मला टेन्शन आहे’ म्हटलं की ‘सगळ्यांनाच असतं’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी वही उघडून दाखवा. ‘बाबा, चार दिवसांत मी नऊ वेळा लिहिलंय, हे आकडे बघ. गेल्या पेपरात वीस मिनिटं मी काही लिहिलं नाही. श्वासाचा व्यायाम तीन आठवडे केला, त्याने हात थरथरणं कमी झालं, हे मात्र गेलं नाही,’ असं म्हणून त्या वाक्यावर बोट ठेवा. न थांबणारी काळजी दाखवता येत नाही, पण आकडे दाखवता येतात, आणि आपण आधी प्रयत्न केलाय हेही त्यांतून दिसतं.

तज्ज्ञाकडे जाताना तीच वही न्या. पहिल्या भेटीत बोलायला सुचत नाही, पन्नास मिनिटांतली तीस ‘कुठून सुरू करू’ यातच जातात. चार दिवसांची नोंद, जीएडी-7 च्या दोन तारखांच्या दोन बेरजा, सराव पेपरांचे आधीचे आणि नंतरचे आकडे, कुठले व्यायाम केले आणि कशाने मुंग्या आल्या, चालू असलेली औषधं, रोजची झोप किती तास. आणि जमलं तर त्या सराव पेपराची उत्तरपत्रिकाही, खाडाखोडीसकट.